मॅडमचं खातं बंद होतंय, चॅटमधलं काम कसं घ्यायचं?

वाचकाचं पत्र: आमच्या खरेदी विभागातल्या सीनियर मॅडम दोन आठवड्यांनी नोकरी सोडत आहेत आणि त्यांचं काम माझ्याकडे येतंय. त्या ईमेल फारसं वापरत नाहीत. पुरवठादार, गोदाम, हिशेब विभाग, सगळ्यांशी त्यांचं बोलणं टीम्सवर, तेही बहुतेक एकास एक चॅटमध्ये. शेवटच्या दिवशी त्यांचं खातं बंद होणार, असं आयटीने कळवलंय. मॅडम म्हणतात, "सगळं चॅटमध्ये आहे, काळजी करू नकोस." पण ते चॅट माझ्या हातात येणार कसं? सगळं एक्सपोर्ट करून मागू का? की त्यांचा पासवर्डच घेऊन ठेवू?
– एक वाचक

नमस्कार,

पासवर्डचा विचार आधी डोक्यातून काढून टाका. खातं बंद झालं की पासवर्ड निरुपयोगी होतो. त्याआधी तुम्ही त्यांच्या नावाने आत गेलात, तर तिथून गेलेला प्रत्येक शब्द नोंदीत त्यांचा म्हणून राहतो. उद्या एखाद्या पुरवठादाराने "हे तुमच्याच मॅडमनी कबूल केलं होतं" म्हणून चॅट दाखवलं, तर ते कुणी लिहिलं हे सिद्ध करणं दोघांनाही अवघड जाईल. शिवाय त्या चॅटमध्ये सुट्ट्या, आजारपण, सहकाऱ्यांबद्दलची मतं, असं बरंच काही असणार. ते वाचायचा हक्क तुम्हाला कामासोबत मिळत नाही.

एक्सपोर्टचंही तसंच. ऑफिसच्या खात्यात स्वतःचं एकास एक चॅट नीट फाइल करून घ्यायचं साधं बटण टीम्समध्ये नाही. आयटीकडे शोध घ्यायची साधनं असतात, पण ती कायदेशीर चौकशीसाठी, आणि ती चालवायची परवानगी मोजक्या लोकांना. समजा आयटीने कृपा केली आणि सगळं काढून दिलं, तरी तुमच्या हाती काय येणार? वर्षभराचं "ओके", "बघते", "कालचंच पाठवा", "हो तेच". कालचं म्हणजे कुठलं आणि "तेच" म्हणजे काय, ते मॅडमच्या डोक्यात आहे. म्हणून इतिहासाच्या मागे लागू नका. त्या इतिहासातलं जे अजून जिवंत आहे, म्हणजे ज्यावर कुणी तरी अवलंबून बसलंय, तेवढं मॅडम असेपर्यंत काढून घ्या. दोन आठवडे त्याला पुरतात, पण सुरुवात बोलण्यापासून करू नका. फाइलींपासून करा. का, ते सांगतो.

टीम्समध्ये मेसेज एका जागी राहतो आणि मेसेजला जोडलेली फाइल दुसऱ्या जागी. एकास एक किंवा ग्रुप चॅटमधल्या मेसेजची प्रत त्या चॅटमधल्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये, नेहमी न दिसणाऱ्या एका फोल्डरमध्ये साठवली जाते. म्हणून मॅडमचं खातं गेलं तरी गोदामप्रमुखांच्या पडद्यावरचं चॅट जात नाही. फार तर मॅडमच्या नावाच्या जागी Unknown User असं काहीसं दिसायला लागेल. फाइलचं मात्र वेगळं आहे. मॅडमनी चॅटमध्ये एक्सेलची दरसूची टाकली, तर ती चॅटमध्ये बसत नाही. ती त्यांच्या स्वतःच्या वनड्राइव्हमध्ये, Microsoft Teams Chat Files नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि समोरच्याला फक्त ती उघडायची परवानगी मिळते. चॅटमध्ये दिसते ती फाइल नसते, फाइलचा पत्ता असतो.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. खातं डिलीट झालं की काही काळाने त्यांचं वनड्राइव्हही जातं. मायक्रोसॉफ्टची मूळ मुदत 30 दिवसांची असते. कंपनी ती वाढवू शकते, पण अनेक ठिकाणी तिला कुणी हातच लावलेला नसतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळं सुरळीत दिसतं. मॅडमनी पाठवलेल्या जुन्या दरसूच्या गोदामातले लोक रोज उघडतात आणि तुम्हाला वाटतं, हस्तांतर छान झालं. मग एके दिवशी त्याच लिंकवर क्लिक केलं की फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो. मेसेज तसाच दिसतो, फाइलचं नावही तसंच, उघडत मात्र काही नाही. अशी तक्रार आयटीकडे साधारण दुसऱ्या महिन्यात पोचते आणि तोवर मॅडम नव्या नोकरीत रुळलेल्या असतात. वनड्राइव्ह काढून टाकल्यावरही ते काही काळ, साधारण 93 दिवस, आयटीला परत आणता येतं. पण त्याच्या भरवशावर काम उभं करू नका. ती वाट अडीअडचणीची.

चॅनलमध्ये टाकलेल्या फाइलींचं असं होत नाही. त्या टीमच्या शेअरपॉइंट जागेत जातात. माणूस गेला तरी टीम राहते, म्हणून फाइलीही राहतात. तुमचा प्रश्न फक्त चॅटमधल्या फाइलींचा आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी आयटीला एक नेमका प्रश्न लिहून विचारा: "शेवटच्या दिवशी खातं बंद म्हणजे नक्की काय, लॉगिन रोखणार, लायसन्स काढणार की खातं डिलीट करणार? आणि डिलीट झाल्यावर वनड्राइव्ह किती दिवस ठेवता?" या तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं लॉगिन रोखलं, तर आतलं सगळं जागेवर राहतं. डिलीट केलं, की वरची मुदत सुरू होते. खातंही 30 दिवसांच्या आत परत आणता येतं, त्यानंतर नाही. "बंद करणार" या एका शब्दावर कुणी समाधान मानू नये. सांगणाऱ्याच्या मनात एक असतं आणि ऐकणाऱ्याच्या दुसरं. आयटीचं उत्तर आलं की ते तारखेसह तुमच्या हस्तांतराच्या कागदात लिहून ठेवा.

मॅडमच्या खात्यात मॅनेजर म्हणून तुमच्या साहेबांचं नाव नोंदवलेलं असेल, तर खातं डिलीट झाल्यावर मॅडमच्या वनड्राइव्हचा प्रवेश त्यांना आपोआप मिळतो आणि तसा ईमेलही येतो. हे नाव आहे का, हे आजच तपासून घ्या. अनेक कंपन्यांत ती जागा रिकामी असते, किंवा वर्षापूर्वी सोडून गेलेल्या कुणाचं नाव असतं. पण हेही ध्यानात ठेवा की यातून फक्त फाइली मिळतात, चॅट मिळत नाही. आयटीने त्यांचा मेलबॉक्स शेअर्ड करून तुम्हाला दिला, तरी त्यात ईमेल दिसतील, चॅट नाही. "मेलबॉक्स तुम्हाला देतोय, त्यात सगळं येईल" असं कुणी सांगितलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

आता फाइली हलवायच्या कशा? मॅडमना त्यांच्या वनड्राइव्हमधलं ते Microsoft Teams Chat Files फोल्डर उघडायला सांगा आणि शेजारी बसा. फोल्डर मोठं असेल, घाबरू नका. बदलल्याच्या तारखेने लावा. शेवटच्या काही महिन्यांत ज्यांना कुणी हात लावलाय त्या फाइली वर येतील, आणि कामाच्या बहुतेक त्यातच सापडतात. त्यानंतर ज्या पाच-सहा लोकांशी त्यांचं रोजचं काम चालतं, त्यांचं एकेक चॅट उघडून Shared टॅब बघा. तिथे त्या चॅटमध्ये आलेल्या फाइली एकत्र दिसतात, आणि दुसऱ्यांनी पाठवलेल्याही दिसतात. दुसऱ्यांनी पाठवलेल्या फाइली त्यांच्या वनड्राइव्हमध्ये आहेत, त्यांची चिंता आत्ता नको. पण त्या उघडायची परवानगी मॅडमच्या नावावर आहे, तुमच्या नाही. कामाच्या असतील तर त्या त्या माणसाकडून तुमच्या नावाने परवानगी मागून घ्या.

कामाच्या फाइली विभागाच्या शेअरपॉइंट फोल्डरमध्ये न्यायच्या. नेताना Copy to नको, Move to वापरा. कॉपीत फक्त आत्ताची प्रत जाते, तर हलवल्यावर फाइलीच्या जुन्या आवृत्त्याही सोबत जातात. दरसूचीसारख्या फाइलीत मार्चमध्ये काय दर होता, हे त्या आवृत्त्यांतूनच कळतं. पुरवठादाराशी वाद झाला की पहिल्यांदा तेच लागतं. हलवल्यावर जुन्या चॅटमधली लिंक नव्या जागेपर्यंत आपोआप पोचवेल असं मात्र धरून चालू नका. एक फाइल हलवा आणि गोदामातल्या कुणाला तरी जुन्या मेसेजवरून ती उघडायला सांगा. मॅडमच्या लॅपटॉपवर तपासून उपयोग नाही, त्यांना स्वतःची फाइल उघडणारच. गोदामात ती उघडली नाही, तर नवी लिंक त्याच चॅटमध्ये मॅडमकडूनच टाकून घ्या, म्हणजे शोधणाऱ्याला जुन्या लिंकच्या खालीच नवी सापडेल. हे सगळं पहिल्या आठवड्यात उरका. परवानग्यांचे गोंधळ सुटायला वेळ लागतो आणि शेवटच्या दोन दिवसांत मॅडम निरोपाच्या गडबडीत असणार.

फाइली झाल्या की बोलणं. इथे चॅट वाचत बसायचं नाही. माणसांची यादी करायची आणि मॅडमना एकेका माणसाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: "यांच्याकडून तुम्हाला काय यायचंय आणि यांना तुम्ही काय द्यायचं कबूल केलंय?" उत्तर देताना त्या आपोआप चॅट उघडून दाखवतील. त्या चॅटमध्ये Ctrl+F दाबून "पुढच्या वेळी", "वजा", "वाढवून", "चालेल" असे शब्द टाकून बघा. कबुल्या बहुधा याच शब्दांच्या आसपास असतात. मोठ्या निर्णयांना "निर्णय" असं कुणी लिहीत नाही.

एक प्रसंग घेऊ. समजा, खोक्यांच्या पुरवठादाराने ऑगस्टमध्ये माल चार दिवस उशिरा दिला. गोदामप्रमुखांनी मॅडमना लिहिलं, "पुन्हा उशीर. काय करायचं?" मॅडमनी पुरवठादाराच्या चॅटमध्ये लिहिलं, "या वेळी घेतो, पण पुढच्या ऑर्डरला 2% वजा धरा." त्यावर पुरवठादाराचा अंगठा, 👍. झालं. एक ओळ आणि एक खूण. पुढची ऑर्डर नोव्हेंबरची आहे, तेव्हा मॅडम नसतील. बिल तुमच्याकडे पूर्ण रकमेचं येईल. वजावट ठरली होती हे तुम्हाला ठाऊक नसेल आणि पुरवठादार आपणहून आठवण करून देणार नाही. ही एक ओळ हस्तांतराच्या कागदात अशी यायला हवी:

"खोक्यांचे पुरवठादार. ऑगस्टच्या उशिराबद्दल पुढच्या एका ऑर्डरवर 2% वजावट ठरली. फक्त एकाच ऑर्डरवर, कायमची नाही. पुरवठादाराने चॅटमध्ये 👍 दिला, लेखी होकार नाही. हिशेब विभागाला अजून सांगितलेलं नाही. पुढची ऑर्डर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. बिल आल्यावर तपासायचं."

बघा, यातली निम्मी माहिती चॅटमध्ये नव्हतीच. वजावट एकदाच की कायमची, हिशेब विभागाला सांगितलं की नाही, हे फक्त मॅडमना माहीत होतं. हस्तांतराची बैठक त्यासाठी असते. कागदात चॅटचा स्क्रीनशॉटही जोडा, पण त्याच्याखाली तारीख आणि कुणाशी बोलणं ते टाइप करा. स्क्रीनशॉटमधलं अक्षर नंतर शोधायला गेलात तर सापडेलच असं नाही, टाइप केलेलं सापडतं.

त्या 👍 वर थोडं थांबायला हवं, कारण चॅटवरच्या कामात सर्वांत जास्त गोंधळ त्याचाच. कुणासाठी अंगठा म्हणजे "मंजूर", कुणासाठी "वाचलं", कुणासाठी "आता बस झालं, पुढे जाऊ". मॅडमना कुणाचा अंगठा कसा वाचायचा हे इतक्या दिवसांत कळलेलं आहे, तुम्हाला नाही. शिवाय अशी खूण शब्द टाकून शोधता येत नाही, त्यामुळे मागे जाऊन "कोणी मंजुरी दिली होती" हे शोधायला गेलात तर अंगठा दिलेला तो मेसेज डोळ्यांनीच शोधावा लागतो. म्हणून पैशाचा, तारखेचा किंवा मालाच्या दर्जाचा प्रश्न असेल आणि होकार फक्त अंगठ्यावर असेल, तिथे मॅडमना जाण्याआधी एक ओळ लिहून होकार शब्दांत घ्यायला सांगा. वरच्या उदाहरणात ती ओळ अशी: "ऑगस्टच्या उशिरापोटी पुढच्या ऑर्डरवर 2% वजा, हे आपलं ठरलंय ना? माझ्या जागी येणाऱ्यांना तसं सांगते आहे." समोरून "हो" आलं की तुमचं काम झालं. "असं काही ठरलं नव्हतं" आलं, तरी ते मॅडम असताना कळलेलं बरं.

तिसरी गोष्ट, माणसं नव्या धाग्यावर आणणं. यात तांत्रिक अडचण एक आहे ती आधी समजून घ्या. एकास एक चॅटमध्ये तिसरं माणूस जोडलं की टीम्स नवा ग्रुप उघडतं आणि त्यात जुनं बोलणं येत नाही. आधीपासून ग्रुप असेल तर मात्र तुम्हाला जोडताना मागचं बोलणं दाखवायचं का, हे विचारलं जातं. तिथे Include all chat history निवडता येतं, किंवा काही दिवसांपुरतं. मॅडमना हे निवडण्याआधी ग्रुपमधल्या बाकीच्यांना सांगायला सांगा. जुनं बोलणं लिहिताना त्यांनी तुम्हाला गृहीत धरलेलं नव्हतं. काही दिवसांपुरतंच दाखवणं बहुतेक वेळा पुरतं. (स्लॅक वापरणाऱ्यांसाठी जाता जाता: तिथे ग्रुप डीएम खाजगी चॅनलमध्ये बदलता येतो, एकास एक बोलणं नाही. आणि फुकटच्या योजनेत 90 दिवसांपलीकडचं कुणालाच दिसत नाही, त्यामुळे तिथे उशीर करण्यात अर्थ नाही.)

तुमच्या बाबतीत मॅडमनी दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक महत्त्वाच्या माणसाबरोबर तिघांचा नवा ग्रुप करावा आणि पहिला मेसेज त्यांनीच लिहावा. नुसतं "हे माझ्या जागी येत आहेत" नको. त्यावर सगळे "अभिनंदन" आणि फुलांचे गुच्छ पाठवतील आणि परत जुन्याच चॅटवर जातील. पहिल्याच मेसेजमध्ये एक चालू काम टाकायचं: "बुधवारच्या मालाची वेळ इथेच कळवा, उतरवून घ्यायचं काम हे बघतील." चालू काम नव्या ग्रुपमध्ये आलं की माणूस आपसूक तिथे येतो. जुन्या चॅटमध्येही मॅडमनी शेवटची ओळ लिहून ठेवावी, तारखेसह: "अमुक तारखेपासून हे चॅट मी बघणार नाही, त्या नव्या ग्रुपवर लिहा." खातं बंद झाल्यावर कुणी त्या जुन्या चॅटमध्ये लिहिलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही, कारण त्याला उत्तर देणारं कुणी नसेल. त्यांनी वर ती ओळ वाचली तरच ते शोधत येतील. बाहेरच्या पुरवठादारांना तर ही ओळ हमखास हवी. त्यांना तुमच्या कंपनीत कोण आलं-गेलं याची खबर कुठून लागणार?

त्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमना विनंती करा की नव्या ग्रुपमध्ये त्यांनी उत्तर द्यायची घाई करू नये. पुरवठादाराने विचारलं तर तुम्ही उत्तर लिहायचं. चुकलात तर त्या तुम्हाला बाजूला सांगतील, ग्रुपमध्ये नाही. असे आठ-दहा प्रश्न तुमच्या हातून गेले की काय अजून माहीत नाही ते तुम्हालाच कळतं, आणि विचारायला माणूस अजून समोर असतो.

आणखी दोन जागा राहतात, ज्या कुणाच्या लक्षात येत नाहीत. पहिली, मॅडमनी ज्या आठवड्याच्या किंवा महिन्याच्या मीटिंग लावल्या आहेत त्या. त्या मीटिंगचा आयोजक तुम्हाला किंवा मॅडमना बदलता येत नाही. म्हणून चालू मालिका मॅडमनी रद्द करायची आणि तुम्ही तुमच्या नावाने नवी लावायची. हे राहिलं तर कित्येक महिने सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये बिनधन्याची मीटिंग पडून राहते आणि ती वेळ बदलायची वेळ आली की कुणालाच बदलता येत नाही. मीटिंगची रेकॉर्डिंगंही आयोजकाच्या वनड्राइव्हमध्ये जातात आणि वेगळं काही ठरवलेलं नसेल तर 120 दिवसांनी आपोआप जातात. एखादं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून हवं असेल तर फाइलींबरोबर तेही हलवून घ्या.

दुसरी जागा, मॅडमच्या एकट्याच्या खुणा. त्यांनी जतन केलेले मेसेज, स्वतःलाच पाठवलेल्या नोंदी, न पाठवलेले मसुदे. या फक्त त्यांच्या खात्यात दिसतात आणि खात्याबरोबर जातात. शेवटच्या गुरुवारी अर्धा तास काढून मॅडमना त्यांचे जतन केलेले मेसेज मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही पडद्याकडे न बघता. बघायचं नाही, कारण त्यातलं काय खाजगी हे त्या ठरवतील. त्यांनी "हे तुझं", "हे जाऊ दे" असं म्हणत जायचं आणि तुम्ही लिहून घ्यायचं. जतन केलेला मेसेज म्हणजे बहुतेक वेळा "यावर अजून काही करायचंय" असाच असतो, त्यामुळे इतर कुठल्याही यादीपेक्षा ही यादी खरी निघते.

आणि हे सगळं करूनही काही तरी राहून जाणारच. मॅडम गेल्यानंतर एखादी जुनी गोष्ट शोधायची वेळ आली, तर आयटीकडे धाव घेण्याआधी ज्याच्याशी ते बोलणं झालं होतं त्याला विचारा. त्याच्या चॅटमध्ये त्याची प्रत आहे, जोवर त्याच्या कंपनीच्या नियमाने जुने मेसेज पुसले जात नाहीत. तो ते उघडून तुम्हाला फॉरवर्ड करू शकतो. वाद असेल, पैशाचा मामला असेल आणि समोरचा दाखवायला तयार नसेल, तेव्हाच साहेबांमार्फत आयटीला लेखी मागणी करा. कंपनीने संदेश राखून ठेवायचं धोरण लावलेलं असेल, तर आयटी शोधून देऊ शकेल, पण कुठल्या तारखांमधलं, कुणाशी झालेलं आणि काय शोधायचं हे तुम्हाला नेमकं सांगावं लागेल. मॅडमच्या खोक्यांच्या ओळीसारखी ओळ कागदात असेल, तर ती मागणी पाच मिनिटांत लिहून होईल.